रोप जुलैचे, पैसे मार्चपर्यंत

वारज्याच्या टेकडीचे उदाहरण सगळे देतात, तिचा हिशेब मात्र कोणी मागत नाही. ५ जून २०२० रोजी, जागतिक पर्यावरण दिनी, तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांनी देशातील दोनशे शहरांसाठी 'नगर वन' योजना जाहीर केली, तेव्हा नमुना म्हणून पुढे ठेवली ती ही टेकडी. चाळीस एकरांचा उजाड माळ, त्यावर वन विभाग आणि नागरिकांनी मिळून उभे केलेले रान, पंचवीस-तीस फुटांपर्यंत गेलेली काही झाडे, पाच तळी, दोन निरीक्षण मनोरे. अभिमान वाटावा असेच चित्र आहे. पण त्या चित्रातील झाडे २०१५-१६ पासूनची आहेत, आणि जाहीर कार्यक्रमात दिसली ती पाचव्या उन्हाळ्यानंतर. मधल्या उन्हाळ्यांची कथा त्या चित्रात फारशी येत नाही, आणि देशभर नमुन्याची नक्कल करताना गळते तीही तीच.

धोक्याची घंटा आम्ही वाजवतो आहोत ती याच गळतीबद्दल. पुण्यात आणि राज्यात वृक्षलागवडीच्या मोहिमा कमी नाहीत. राज्य सरकारने २०१६ मध्ये २ कोटी, पुढच्या वर्षी ४ कोटी, मग १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी झाडांचे उद्दिष्ट ठेवले. आकडे चढत गेले, तशी शंकाही चढत गेली, आणि २०२१ मध्ये या लागवडीच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमावी लागली. त्या राजकारणात आम्हाला शिरायचे नाही. आमचा प्रश्न त्याहून साधा आणि कंटाळवाणा आहे, अंदाजपत्रकाचा. रोप जुलैत लावतात आणि सरकारी वर्ष मार्चमध्ये संपते. या दोन तारखांच्या फटीत झाडे मरतात.

ही फट किती रुंद आहे ते एका हिशेबाने पाहू. वारज्यासारख्या टेकडीच्या उतारावर अडीच हेक्टर जागा धरा आणि पाच-पाच मीटरवर एक अशी एक हजार रोपे. दर आम्ही हिशेबापुरते धरले आहेत, ज्याचे-त्याचे दर घालून कोणीही पुन्हा मांडणी करावी. तीन-चार फूट उंचीचे, मोठ्या पिशवीतले रोप ८० रुपयांना. दोन फूट लांब, तेवढाच रुंद आणि खोल खड्डा कठीण मुरमात खणायचा म्हणजे पहारीचे काम, त्याला १२० रुपये. खड्ड्यात काळी माती आणि शेणखत भरायला ८०, वाहतूक, लावणी आणि बांबूचा आधार यांना ४०. एका रोपाला ३२० रुपये, हजारांना ३ लाख २० हजार.

आता कुंपण. अडीच हेक्टरचा चौकोन आखला तर परीघ साधारण ६३० मीटर भरतो, टेकडीचा वेडावाकडा उतार लक्षात घेता ७०० मीटर धरू. काटेरी तारेचे कुंपण ४०० रुपये मीटरने २ लाख ८० हजार होते. इथे अनेक मंडळी एक चूक करतात. प्रत्येक रोपाला लोखंडी पिंजरा बसवतात, कारण त्यावर देणगीदाराची पाटी लावता येते. आठशे रुपयांचा एक पिंजरा म्हटला तरी हजार रोपांना आठ लाख लागतात. एका तुकड्यात रोपे असतील तर सगळ्यांना मिळून एकच कुंपण केव्हाही स्वस्त, पिंजरा शोभतो तो रस्त्याकडेच्या सुट्या झाडाला. शिवाय पिंजरा वेळेवर काढला नाही तर खोडात रुततो. पुण्याच्या कुठल्याही जुन्या रस्त्यावर सालीने गिळलेली लोखंडी पट्टी दिसेल, त्यावरचे नगरसेवकाचे नाव अर्धे वाचता येते.

इथपर्यंत सहा लाख झाले. बहुतेक मोहिमांचे अंदाजपत्रक इथेच संपते, किंवा 'देखभाल' असा एकच शब्द आणि एक गोल आकडा लिहून बंद होते. झाडाचा खरा खर्च मात्र याच्या पुढे सुरू होतो.

पुण्यात पाऊस ऑक्टोबरात आटोपतो आणि जूनच्या मध्याशिवाय भरवशाचा होत नाही. म्हणजे रोपाला साधारण तीस आठवडे पाणी हाताने द्यायचे. पहिल्या वर्षी दर आठवड्याला पंधरा लिटर द्यायचे म्हटले, तर हजार रोपांच्या एका पाळीला पंधरा हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे दीड टँकर. तीस पाळ्यांना पंचेचाळीस टँकर. दीड हजाराने ६७ हजार ५०० रुपये. दुसऱ्या वर्षी पाळी दहा दिवसांवर नेता येते, पण मुळे पसरलेली असतात, म्हणून वीस लिटर द्यावे लागते. तिसऱ्या वर्षी पंधरवड्याला तीस लिटर. गंमत अशी की पाळ्या तीसवरून चौदावर येतात, तरी टँकर पंचेचाळीसवरून बेचाळीसवरच उतरतात. 'दुसऱ्या वर्षापासून पाण्याचा खर्च निम्मा' असे गृहीत धरणारी अंदाजपत्रके आम्ही पाहिली आहेत. निम्मा होतो तो माणसाचा वेळ, पाणी नाही. आणि वरून थोडेथोडे, रोज शिंपडलेले पाणी तर उपकाराऐवजी अपकारच करते, मुळे वरच्या चार बोटांत राहतात आणि पहिल्याच चुकलेल्या पाळीला रोप कोलमडते.

टँकर टेकडीच्या पायथ्याशी उभा राहतो, खोडाशी नाही. तिथून वर पाणी न्यायला पंप, नळी आणि माणूस लागतो. एक माणूस दिवसात अडीचशे आळी भरतो असे धरले, तर हजार रोपांना चार दिवस लागतात. आठवड्याच्या उरलेल्या दोन दिवसांत खुरपणी, आळी नीट करणे, मोडलेले बांबू बदलणे, कुंपणातली तुटलेली तार ओढून बांधणे. म्हणजे पूर्णवेळ एक माळी हवाच, आणि तोच राखणदार. महिना पंधरा हजार धरले तर वर्षाला १ लाख ८० हजार. सगळी वर्षे धरली तर संपूर्ण हिशेबातला सर्वांत मोठा आकडा हाच. कागदावर सर्वांत आधी कात्री लागते तीही यालाच.

या माणसाचे एक काम असे, की ते न केल्यास बाकी सगळे वाया जाते. कुंपण घातले की शेळ्या-गुरे थांबतात, आणि शेळ्या थांबल्या की गवत वाढते. डिसेंबरपर्यंत ते कमरेला लागते आणि फेब्रुवारीत वाळून कोळ झालेले असते. महामार्गाकडच्या बाजूने कोणी विडी टाकली, कोणी कचरा पेटवला, की कुंपणाच्या आतले रान एका दुपारी काळे. म्हणजे कुंपण एका शत्रूला बाहेर ठेवते आणि दुसऱ्याला आत बोलावते. उपाय माहीत असलेलाच आहे. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये गवत कापायचे, कापलेल्या गवताचे आच्छादन आळ्यात खोडापासून वीतभर अंतर सोडून घालायचे आणि कडेने तीन-चार मीटर रुंद जाळरेषा काढून ठेवायची. पण अंदाजपत्रकात 'जाळरेषा' हा शब्द नसेल, तर ती कोणी काढत नाही. मग बातमी येते, 'टेकडीवर वणवा, शेकडो झाडे होरपळली', आणि दोष अज्ञात इसमावर जातो.

आता मेलेल्या रोपांकडे येऊ. सगळे नीट केले तरी पहिल्या वर्षी पाचातले एक रोप जाते, असे धरणे शहाणपणाचे. खड्डा तयार असल्याने बदली रोपाला ३२० नव्हे, २०० रुपये पुरतात. दुसऱ्या पावसाळ्यात २००, तिसऱ्यात १००, चौथ्यात ५० रोपे भरायची म्हटली, तर सगळे मिळून ७० हजार रुपये. आकडा किरकोळ दिसतो. फसगत पैशात नाही, दिनदर्शिकेत आहे. तिसऱ्या पावसाळ्यात लावलेले बदली रोप पहिल्या वर्षाचेच असते. त्याला पुढची तीन वर्षे पाणी हवे. तीन वर्षांचा देखभाल ठेका संपतो तेव्हा त्या रोपाने एकच उन्हाळा पाहिलेला असतो, आणि चौथ्या पावसाळ्यातल्याने एकही नाही. मोहिमेचे तिसरे वर्ष म्हणजे झाडाचे तिसरे वर्ष नव्हे, इतकी साधी गोष्ट कोणत्याही निविदेत लिहिलेली सापडत नाही.

पाच वर्षांचा हिशेब जुळवला की असा बसतो. लागवड आणि कुंपण ६ लाख. पहिल्या तीन वर्षांत माळी, टँकर आणि बदली रोपे मिळून ७ लाख ९३ हजार ५००. चौथ्या-पाचव्या वर्षी माणूस फक्त पाच महिने आणि टँकर ऐन उन्हाळ्यापुरते ठेवले, तर आणखी २ लाख १४ हजार. एकूण १६ लाख साडेसात हजार. त्यात रोपांची किंमत ८० हजार, म्हणजे अवघी पाच टक्के. ज्या पाच टक्क्यांचा फोटो निघतो त्यावर मोहिमेचे नाव चालते, आणि उरलेल्या पंचाण्णवांची तरतूद 'उपलब्धतेनुसार'.

यातून साडेआठशे झाडे उभी राहिली, तर एक झाड सुमारे १,९०० रुपयांना पडते. महाग वाटते? मग दुसरी बाजू मांडा. सहा लाख खर्चून हात झटकले आणि शंभरच रोपे जगली, तर एक झाड सहा हजारांना. न दिलेले पाणी दिलेल्या पाण्यापेक्षा तिप्पट महाग आहे.

केंद्राच्या नगर वन योजनेत हेक्टरी ४ लाख रुपयांचे साहाय्य आहे, तेही निर्मिती आणि देखभाल दोन्ही मिळून. आमच्या अडीच हेक्टरांना त्यातून दहा लाख येतील. वरच्या हिशेबात दहा लाख दुसऱ्या उन्हाळ्याच्या आसपास संपतात. उरलेले सहा लाख कोण देणार, हे लागवडीच्या दिवशी ठरलेले नसेल, तर ते कधीच ठरत नाही. वारज्याच्या प्रयोगात सरकारी खात्याबरोबर स्वयंसेवी संस्था आणि कंपन्यांचे सामाजिक निधी होते, हे विसरून चालणार नाही. नमुना उचलायचा तर ही जोडणीही उचलायला हवी.

पण पैसे असूनही ते वेळेवर न मिळण्याचा आजार त्याहून मोठा आहे. देखभालीचे काम आर्थिक वर्षाला बांधलेले असते. मार्चअखेर बिले निघतात, ३१ तारखेला तरतूद संपते. नव्या वर्षाची मंजुरी, नवी निविदा, नवा कार्यादेश यांत एप्रिल जातो, कधी मेही जातो. आणि एप्रिल-मे हेच ते आठ आठवडे, ज्यांत पाणी चुकले तर रोप परत येत नाही. ऑक्टोबरात दोन पाळ्या चुकल्या तर रोप सोसते, एप्रिलच्या मुरमात दोन पाळ्या चुकल्या की ते खोडापासून सुकते. सरकारी कॅलेंडरने मारायला नेमका हाच मुहूर्त निवडावा, हा योगायोग कोणालाच खटकत नाही, कारण जूनमध्ये नवी रोपे येतात आणि तेच खड्डे पुन्हा भरतात. एक खड्डा तीन वर्षांत तीनदा उद्घाटनाला सामोरा जातो.

या लपवाछपवीला साथ देते ती 'जिवंत रोपांची टक्केवारी'. समजा, हजार रोपे लावली, दरवर्षी पाचातले एक मेले आणि दरवर्षी पावसाळ्यात तेवढीच नवी लावली. चौथ्या पावसाळ्यानंतर पाहणी झाली तर हजारपैकी हजार उभी, टक्केवारी शंभर. प्रत्यक्षात पहिल्या खेपेतली ५१२ उरली आहेत. दोन्ही आकडे खरे आहेत. पहिला अहवालात जातो, दुसरा कोणी मोजतच नाही. म्हणून मोजणी वयाने व्हायला हवी. प्रत्येक खेपेला वेगळ्या रंगाचा बिल्ला बांधला, तरी काम भागते. रंग एका नजरेत सांगतो की या टेकडीवर झाडे वाढताहेत की नुसती बदलली जाताहेत.

आणि मोजणीचा दिवस. ऑक्टोबरात टेकडीवर सगळेच हिरवे असते, त्यात घाणेरीही येते. खरी मोजणी ३१ मे रोजी. त्या दिवशी पांगारा, काटेसावर, पळस यांची पाने झडलेली असू शकतात, म्हणून पाने पाहून निकाल देऊ नये. नखाने खोडाची साल किंचित खरवडावी. खाली ओला हिरवा थर दिसला तर रोप जिवंत आहे, तपकिरी, कोरडे दिसले तर खाली, मुळाजवळ पुन्हा एकदा पाहावे. तिथूनही फूट येते. बुंध्याशी चार बोटे माती उकरली की आणखी एक गोष्ट कळते. काळ्या प्लास्टिकची कड वर आली, तर रोप पिशवीसकट गाडलेले आहे. ठेक्याच्या घाईत हे सर्रास होते. असे रोप दोन वर्षे ठीक दिसते, मग मुळे आतच गुंडाळी करतात आणि ते थांबते. शेजारी लोखंडी सळई दाबून पाहावी. दोन फुटांऐवजी वीतभरावरच ती कठीण मुरमाला अडली, तर खड्ड्याचे बिल आणि खड्डा यांची भेट कधी झालीच नव्हती.

कायदा या बाबतीत अंदाजपत्रकाच्या पुढे गेलेला आहे, हे आणखी खटकते. नागरी भागातील झाडांच्या १९७५ च्या राज्य कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावायची आणि सात वर्षे त्यांची निगा राखायची, अशी तरतूद त्यात आली. सात वर्षे म्हणजे सात मार्च. रस्तारुंदी, पूल, गृहप्रकल्प यांसाठी पुण्यात रोज परवानग्या मागितल्या जातात आणि प्रत्येक परवानगीत भरपाईची झाडे असतात. त्या झाडांच्या सात उन्हाळ्यांचा पैसा कुठल्या खात्यात पडून आहे, हे वृक्ष प्राधिकरणाने झाडागणिक सांगायला हवे. नुसती अनामत रक्कम पुरत नाही. अनामत जप्त झाली म्हणून टेकडीवर टँकर चढत नाही.

कंपन्यांच्या सामाजिक निधीला तर मार्चची सबब उरलेलीच नाही. जानेवारी २०२१ च्या सुधारित नियमांनुसार प्रकल्प सुरू झाला ते वर्ष सोडून आणखी तीन वर्षे तो चालू ठेवता येतो, आणि न खर्चलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवता येते. २०२६ च्या जुलैत लावलेल्या रोपाला यातून मार्च २०३० पर्यंत पैसे मिळतील, म्हणजे तीन उन्हाळे पूर्ण होतील. पण कितीतरी कंपन्या एका शनिवारची लागवड, टोप्या, टी-शर्ट आणि नाश्ता एवढ्यावर खाते बंद करतात. नाश्त्याच्या खर्चात पन्नास रोपांचा एक उन्हाळा निघाला असता, हे सांगितले की मंडळी नाराज होतात.

करायचे काय, हे वरच्या हिशेबातच आहे. पाचही वर्षांची रक्कम लागवडीआधी वेगळ्या खात्यात बाजूला ठेवावी, आणि देखभालीचा कार्यादेश जून ते जून असा काढावा. ठेकेदाराला पाण्याचे पैसे टँकरच्या पावत्यांवर नव्हे, तर मेअखेरीस उभ्या असलेल्या झाडांवर, वयानुसार द्यावेत. पहिल्या वर्षाच्या रोपाला कमी, तिसऱ्या उन्हाळ्यातून पार पडलेल्याला जास्त. असे झाले की बदली रोप लावण्यापेक्षा जुने जगवणे त्याला फायद्याचे ठरेल. आणि ज्या वॉर्डाकडे हजार रोपांचे पैसे नाहीत पण चारशेंचे आहेत, त्याने चारशेच लावावीत. उद्दिष्ट कमी केले म्हणून कोणी टीका केली तर आम्ही त्या वॉर्डाच्या बाजूने लिहू.

येत्या ३१ मे रोजी दुपारी, टोपी घालून, महापालिकेच्या उद्यान विभागाने आणि वन विभागाने गेल्या पावसाळ्यातली रोपे मोजावीत. मोजायला आसपासच्या सोसायट्यांतील सकाळी टेकडी चढणारी मंडळी सोबत घ्यावीत, कारण कोणत्या आळ्यात एप्रिलपासून पाणी पडलेले नाही, हे त्यांना आत्ताच पाठ आहे. आकडा कितीही असो, तो वारज्याच्या प्रवेशद्वारावरच्या फळ्यावर खडूने लिहावा, आणि त्याखाली पुढच्या आठवड्यात किती टँकर येणार तेही.